सोसायटीच्या इतिवृत्तात हजेरी नेमकी कशी लिहावी

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा संदेश: “इतिवृत्ताच्या सुरुवातीला ‘कोरम पूर्ण होता’ एवढं लिहिलं की झालं. सह्या रजिस्टरमध्ये आहेतच. फोनवर कळवणारे, उशिरा आलेले, पत्र घेऊन आलेले, सगळे हजर धरा. नाहीतरी अर्ध्या तासाने कोरम लागत नाही.”

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण त्यात अर्धं खरं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली कमी संख्या. ४८ सभासद असतील तर २० पुरतात. १८ असतील तर १२ लागतात. सरसकट “वीस” पाठ केलेले सचिव छोट्या इमारतीत विनाकारण सभा तहकूब करतात. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पण त्या सभेत फक्त विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. आणि सभा तहकूब झाली होती हे कागदावर दिसलं नाही, तर ही सवलत मागायला आधारच उरत नाही. पुनर्विकासाच्या सभेला तर ही सोय गृहीतच धरू नका: ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात तिथे दोन तृतीयांश गणपूर्ती सांगितली आहे, २० चा आकडा तिथे चालत नाही.

आता सह्यांचं रजिस्टर. त्यात कोण आलं ते कळतं, कधी आलं ते कळत नाही. सही जेवणाच्या पाकिटाच्या वेळीही होते. समजा ४८ सभासदांच्या सोसायटीत सकाळी दहाची सभा होती. साडेदहाला १७ जण होते, म्हणून सभा तहकूब झाली आणि सूचनेत आधीच दिलेल्या वेळेप्रमाणे अकराला १८ जणांत सुरू झाली. ११:२० ला पाच जण आले, मोठ्या दुरुस्तीचा ठराव ११:५० ला मतास आला, १२:१० ला चार जण निघून गेले. रजिस्टरमध्ये सह्या २३ आहेत. ठरावावर १४ बाजूने, ६ विरोधात, ३ तटस्थ, म्हणजे २३, हिशेब जुळतो. पण त्यानंतरच्या खर्चाच्या ठरावावर फक्त १९ मतं दिसतात, आणि चौघे कधी गेले ते लिहिलेलं नसेल तर पुढे उपनिबंधकांकडे तक्रार झाल्यावर सचिवाला उत्तर देता येत नाही. म्हणून इतिवृत्ताची सुरुवात अशी करावी:

“एकूण सभासद ४८. आवश्यक गणपूर्ती २०. सकाळी १०:३० वा. हजर १७, गणपूर्तीअभावी अध्यक्षांनी सभा ११:०० पर्यंत तहकूब केली. ११:०० वा. हजर १८, तहकूब सभेचे कामकाज सुरू. सदनिका ७, १२, २३, ३१ व ४० चे सभासद ११:२० वा. आले (विषय क्र. २ दरम्यान). अनुपस्थिती कळवणारे: सदनिका ५ व १९.”

निघून जाणाऱ्यांची वेळ सुरुवातीला नव्हे, त्या विषयाच्या ठिकाणी लिहावी; तिथेच ती वाचली जाते.

फोनवर कळवणारे गणपूर्तीत येत नाहीत, हे सांगावं लागावं हेच नवल. त्यांची वेगळी ओळ ही निव्वळ सभ्यता आहे, सर्वसाधारण सभेपुरती. समितीच्या सभेत मात्र तिला वजन आहे: परवानगीशिवाय सलग तीन मासिक सभांना गैरहजर राहिलेल्या समिती सदस्याचं पद आदर्श उपविधींनुसार धोक्यात येतं. म्हणून तिथे “अनुपस्थिती कळवली” एवढं न लिहिता “रजा मंजूर” की “विनापरवानगी गैरहजर” ते स्पष्ट लिहावं.

पत्र किंवा मुखत्यारपत्र घेऊन आलेला माणूस सभासदाच्या जागी बसू शकत नाही. आदर्श उपविधींत प्रॉक्सीला जागाच नाही. लोकांचा गोंधळ बहुधा कंपन्यांमुळे होतो. तिथे प्रॉक्सी नेमता येतो, पण कंपनी कायद्यातही गणपूर्तीत तो धरत नाहीत, जातीने हजर असलेलेच मोजतात. सोसायटीत असा कोणी आलाच तर हजेरीत मोजू नये, आणि नोंद करायची असेल तर “सदनिका १४: सभासद गैरहजर, मुलगा पत्रासह आला, उपविधीनुसार हजर धरला नाही” अशी एक ओळ पुरते. सभासद नोंदवहीत नाव असलेला सहसभासद ही वेगळी गोष्ट. पहिल्या नावाचा सभासद नसताना तो आला तर लेखी संमती घेऊन ती फाइलला लावावी, आणि त्याच्या नावापुढे “सहसभासद” लिहावं. मात्र दोघंही आले तरी सदनिका एकदाच मोजायची. दोन सदनिकांतल्या नवरा-बायको दोघांच्याही सह्या रजिस्टरमध्ये झाल्या की १८ चे २० होतात, आणि खोटी गणपूर्ती बहुतेक वेळा अशीच तयार होते.