आंबट, खपली आणि टाके

"टाके पडलेत ना? महिनाभर लिंबू, चिंच, दही बंद, आंबटाने जखम पिकते. पट्टी काढून टाका, हवा लागली की खपली धरते आणि जखम लवकर भरते. टाके निघाले की झालं, कामाला लागा."

हा मोबाईलवर फिरणारा फॉरवर्ड. त्यातला आंबटाबद्दलचा सल्ला तर साफ उलटा आहे. जखमेत नवं मांस भरतात त्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या कोलॅजनचे धागे बनवू लागतात. त्या धाग्यांचा पीळ टिकायला क जीवनसत्त्व लागतं. 1939 मध्ये जॉन क्रँडन या अमेरिकन सर्जनने फळं-भाज्या सोडून हे स्वतःवर करून पाहिलं. तीन महिन्यांनी पाठीवर घेतलेला छेद नेहमीसारखा भरला. सहा महिन्यांनी घेतलेला वरून मिटलेला दिसत होता, पण दहा दिवसांनी तपासला तर आत भरण्याचं नावच नव्हतं! शिरेतून क जीवनसत्त्व दिल्यावर पुढच्या दहा दिवसांत तो भरला. म्हणजे लिंबू-आवळा तोडू नका. पण पोट भरून जेवणाऱ्याने वर गोळ्या घेतल्याने जखम झपाट्याने भरते असंही नाही. दह्यात हे जीवनसत्त्व नगण्य, तरी प्रथिनं आहेत आणि कोलॅजन हे प्रथिनच.

मग आंबटावर आळ का येतो? पहिले दोन-तीन दिवस जखम लाल होते, सुजते. तेव्हा मॅक्रोफेज पेशी मेलेला कचरा आणि जंतू गिळत असतात, आणि फायब्रोब्लास्टना बोलावणंही त्याच धाडतात. ही सूज कामाची. मधुमेहात मात्र मॅक्रोफेज सफाईतच अडकून पडतात, बांधणीकडे वळत नाहीत, म्हणून पायाची जखम महिनोन्‌महिने रेंगाळते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर लाली पसरत गेली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग. लिंबाला दोष देत घरी बसू नका.

खपली म्हणजे प्लेटलेट्सनी धरलेली गुठळी वाळून झालेलं झाकण. प्लेटलेट्स रक्त थांबवतात तशी पुढच्या पेशींना हाक देणारी द्रव्यंही सोडतात, तेवढ्यासाठी खपली कडक व्हायची गरज नाही. उलट नव्या त्वचेला तिच्याखालून ओल शोधत सरकावं लागतं. 1962 मध्ये जॉर्ज विंटरने डुकरांच्या उथळ जखमा प्लास्टिकच्या पातळ पडद्याने झाकल्या, तेव्हा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने त्वचा आली. खरचटलेल्या गुडघ्याला हे लागू. टाक्यांच्या जखमेच्या कडा साधारण दोन दिवसांत मिटतात, त्यानंतर ती कोरडी असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर उघडी चालते.

टाके बहुधा सात ते चौदा दिवसांत निघतात. तीन आठवड्यांनीही तिथली ताकद मूळ त्वचेच्या पाचव्या हिश्श्याएवढीच असते. कोलॅजनची फेरबांधणी महिनोन्‌महिने चालते आणि शेवटी ताकद फार तर 80 टक्क्यांपर्यंत येते. पोटावर टाके असतील तर सिलेंडर उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा, फॉरवर्डला नको.