सातव्या वेतन आयोगाची ‘31 टक्के’ वाढ: भागाकाराच्या जागी वजाबाकी

“केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा किमान पगार 2006 मध्ये 7,000 होता, 2016 मध्ये 18,000 झाला, म्हणजे 157 टक्के वाढ. त्यातून महागाईचे 126 टक्के वजा केले तरी खरी वाढ 31 टक्के. पुढे तर निर्देशांक 261 वरून 2023 अखेर 139 वर आला, म्हणजे स्वस्ताईच झाली.”

या दाव्यातील आकडे बरोबर आहेत, आणि म्हणूनच हा हिशेब विद्यार्थ्यांच्या संख्याशास्त्राच्या पेपरातही बिनदिक्कत उतरतो. चूक आकड्यांवर केलेल्या क्रियेत आहे.

प्रथम वजाबाकी पाहू. महागाई भत्त्याच्या सूत्रात औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरतात. 2001 = 100 या पायावर त्याची सरासरी सहाव्या आयोगासाठी 115.76 आणि सातव्यासाठी 261.42 धरली गेली. यांचा भागाकार 2.2583 येतो, म्हणजे आधी एका रुपयात मिळणाऱ्या वस्तूंना नंतर सुमारे 2 रुपये 26 पैसे लागू लागले. त्यामुळे जुन्या 7,000 रुपयांची क्रयशक्ती टिकवण्यासाठीच 15,808 रुपये हवे होते. प्रत्यक्षात 18,000 ठरले. जास्तीचे 2,192 रुपये 2016 च्या पगारातले आहेत, त्यांना 15,808 ने भागले की 13.9 टक्के येतात. वजाबाकी करणारा नकळत हेच 2,192 रुपये 2006 च्या 7,000 ने भागतो, आणि 31 टक्के निघतात. अंशात एका काळाचा रुपया आणि छेदात दुसऱ्या काळाचा. पगारवाढ 6 टक्के आणि महागाई 5 टक्के असेल तर वजाबाकीने 1 आणि भागाकाराने 0.95 येते, तिथे फरक जाणवत नाही. बहुधा ही सवय तिथूनच लागते.

उलट दिशेने, 18,000 ला 2.2583 ने भागले तर जुन्या किमतींत 7,971 येतात आणि वाढ पुन्हा 13.9 टक्केच निघते. रुपया कोणत्या वर्षाचा धरला यावर रक्कम बदलते, वाढीचा दर बदलत नाही. आपला हिशेब तपासण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. आयोगाने स्वतः 14.29 टक्के वाढ सांगितली होती. हा थोडासा फरक भत्ता मोजताना अपूर्णांक सोडून देण्याच्या पद्धतीमुळे आहे: 125.83 ऐवजी 125 टक्के धरले की जुना पगार 15,750 होतो, आणि 18,000 भागिले 15,750 म्हणजे 1.1429.

‘स्वस्ताई’चा मुद्दा याहून ढोबळ चुकीवर उभा आहे. सप्टेंबर 2020 पासून या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष 2001 ऐवजी 2016 झाले. ऑगस्ट 2020 चा निर्देशांक 338 आणि पुढच्याच महिन्याचा 118.1 आहे, एका महिन्यात किमती 65 टक्क्यांनी कोसळल्याचे कोणत्याही किराणा दुकानात कोणी पाहिले नाही. अशी मालिका हातात आली की आधी तिचा आलेख काढावा, सांधा डोळ्यांनाच दिसतो. तो जुळवण्यासाठी जाहीर झालेला जोड गुणक 2.88 आहे. 118.1 ला 2.88 ने गुणले की 340.1 येतात, म्हणजे महिन्याची वाढ सुमारे 0.6 टक्के. याच रीतीने डिसेंबर 2023 चा 138.8 हा जुन्या पायावर 399.7 होतो आणि 261.42 शी तुलना केल्यास किमती सुमारे 53 टक्क्यांनी वाढलेल्या दिसतात. अर्थात गुणकाने फक्त पातळी जुळते. सांध्याच्या दोन्ही बाजूंची वस्तूंची टोपली वेगळीच राहते, कारण नव्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार कमी केला आहे.

राहिला तो मुद्दा, जो मूळ दाव्यात नाहीच, पण नसल्यामुळे दिशाभूल करतो. 2006 ते 2015 या काळात 7,000 हा मूळ पगार होता, हातात पडणारी रक्कम नव्हे. पेपरात वर्षागणिक 7,000 लिहून निर्देशांकाने भागत गेल्यास अखेरीस वास्तव पगार 3,100 पर्यंत घसरलेला दिसतो आणि 2016 मध्ये एकदम उसळी मारतो. जुलै 2015 पासून भत्ता 119 टक्के होता, म्हणजे प्रत्यक्ष देय रक्कम 15,330 होती (घरभाडे वेगळे). निर्देशांकाने भागण्याआधी पगाराच्या मालिकेत हा भत्ता मिळवावा लागतो. तसे केले की ती दरी जवळजवळ नाहीशी होते. उरते ती सहा-सहा महिन्यांनी भत्ता वाढेपर्यंतची छोटी घसरण.