सहा वाजताचा आकडा आणि शनिवारचा भाव

> "तुमचा लेख वाचला. माझं नाशिकच्या सराफ बाजारात तीस वर्षांचं दुकान आहे. अमेरिकेत किती जणांना नोकरी लागली म्हणून दोन मिनिटांत सोनं पडतं, हे पटत नाही. आमचा भाव सकाळी एकदा ठरतो. तो लग्नसराई, डॉलर आणि ड्युटीवर चालतो. ७ जून २०२४ चं उदाहरण तुम्ही दिलंत, पण त्या दिवशी चीनची बातमी होती, ती गाळलीत. आणि ५ जुलैला नोकऱ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या तरी सोनं वाढलं, त्याचं काय? महागाई वाढली की सोनं वाढतं हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं. तुम्ही उलटंच सांगता. हे सगळं मागाहून जुळवलेलं वाटतं."

काका, चीनच्या बातमीचं तुम्ही बरोबर पकडलंत. ती लेखात यायलाच हवी होती. लिहिताना माझ्या डोक्यात फक्त संध्याकाळचे सहा होते आणि दुपार मी सोडून दिली. आता तो दिवस नीट मांडतो, कारण तुमच्या बहुतेक शंकांची उत्तरं त्यातच आहेत.

७ जूनला दुपारी चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या साठ्याचे आकडे आले. सलग १८ महिने सोनं घेणाऱ्या या बँकेनं मे महिन्यात काहीच घेतलं नव्हतं. त्यावर भाव हळूहळू उतरू लागला आणि सहा वाजायच्या आधीच तो एक टक्क्याहून जास्त खाली आला होता. दिवसअखेर पडझड साडेतीन टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे सगळी घसरण नोकऱ्यांच्या खात्यावर टाकणं चूक, हे मान्य. पण दोन्ही उतारांची जात वेगळी होती. चीनची बातमी पचायला बाजाराला तास लागले, जिना उतरावा तसा तो उतरला. सहानंतरचा उतार म्हणजे पायरीच नव्हती.

सहाला झालं ते असं. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्याचा आकडा तिथल्या सकाळी साडेआठला येतो. आपल्याकडे त्या वेळी उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात सात, कारण ते लोक घड्याळ मागेपुढे करतात. शेती सोडून बाकी क्षेत्रांत मे महिन्यात १,८५,००० च्या आसपास नोकऱ्या वाढल्या असतील, असा जाणकारांचा अंदाज होता. प्रत्यक्षात २,७२,००० निघाल्या. तासाची सरासरी मजुरीही महिन्यात ०.३ ऐवजी ०.४ टक्के वाढली होती.

इथे २,७२,००० हा आकडा मोठा की लहान, याला काडीची किंमत नाही. किंमत आहे ती अंदाजाच्या वरच्या ८७,००० ना. तुम्ही गोदाकाठचे, तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. गंगापूर धरणातून विसर्ग सोडणार हे सकाळपासून माहीत असेल, तर सराफ बाजारात माल आधीच माळ्यावर चढलेला असतो. सांगितलं तेवढंच पाणी सुटलं तर कोणी जागचं हलत नाही. सांगितल्याच्या दीडपट सुटलं, की मग पुराचं पाणी कुठवर चढलं ते सांगणाऱ्या दुतोंड्या मारुतीकडे नजर जाते आणि धावपळ सुरू होते. अंदाजाएवढा आकडा भावात आधीच बसलेला असतो. एका मिनिटात जी हालचाल होते ती फक्त फरकाची.

आता नोकऱ्यांचा सोन्याशी संबंध कुठून आला? मध्ये व्याजदर आहे. लोकांना कामं मिळतायत आणि पगार वाढतायत, म्हणजे अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह व्याज कमी करायची घाई करणार नाही, असा अर्थ लावला जातो. तिथल्या सरकारी रोख्यांचा परतावा चढतो आणि डॉलरही चढतो. सोनं व्याज देत नाही. शेजारच्याला व्याज वाढून मिळणार म्हटल्यावर ते धरून ठेवणं महाग पडतं. त्या संध्याकाळी दोन वर्षांच्या रोख्याचा परतावा ०.१५ टक्क्यांच्या आसपास उसळला होता. ही साखळी कोणी माणूस बसून लावत नाही. आकडा यंत्राला वाचता येईल अशा रूपात येतो, प्रोग्रॅम तो अंदाजाशी ताडून बघतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत न्यूयॉर्कच्या वायद्यात विक्री टाकतो. तिथला भाव हलला की आपल्याकडच्या वायदेबाजारात, एमसीएक्सवर, लगेच तफावत दिसते. ती टिपायला बसलेले लोक आपला भाव त्याच्या जोडीला आणतात.

तुमच्या हिशेबात बघायचं तर औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, १० डॉलर पडले, की १० ग्रॅमला साधारण सव्वातीन डॉलर होतात. तेव्हाच्या सुमारे ८३ रुपये ४० पैशांच्या डॉलरनं त्याचे २६८ रुपये आणि तेव्हाची १५ टक्के ड्युटी धरली की ३०८. म्हणून त्या वर्षी आम्ही 'दहा डॉलरला तीनशे रुपये' असं तोंडी धरायचो. पुढे २३ जुलैला अर्थसंकल्पात ड्युटी ६ टक्क्यांवर आली आणि तो हिशेबही बदलला. त्या दिवशी आपल्याकडे भाव जो कोसळला, त्यात अमेरिकेचा काही हात नव्हता. ड्युटीचं तुमचं म्हणणं तिथे शंभर टक्के लागू.

आकडा यायच्या आधीचा मिनिट मात्र बघण्यासारखा असतो. मी तेव्हा एका दलालाच्या ऑफिसात स्क्रीनसमोर होतो. एरवी गोल्ड मिनी या एमसीएक्सच्या छोट्या वायद्यात घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात दोन-चार रुपयांचं अंतर दिसायचं. सहाला अर्धा मिनिट असताना ते वीस-पंचवीसवर गेलं. मोठे खेळाडू आपल्या ऑर्डरी काढून घेतात, कारण आकड्यासमोर उघडं कोण राहणार? त्यामुळे बाजार पोकळ होतो आणि एरवी पन्नास रुपये हलवणारी विक्री दोनशे हलवते. त्यात लोकांचे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरावीक भावाला थांबवायला आधीच लावून ठेवलेल्या ऑर्डरी, एकामागून एक लागत जातात, त्यातून आणखी विक्री होते. पहिल्या दोन मिनिटांतली हालचाल अर्धी आकड्याची असते आणि अर्धी या पोकळीची.

त्या पोकळीत माझाही पाय गेला होता. माझ्याकडे एक मिनी खरेदीत होती, १०० ग्रॅमची. स्टॉपलॉस लावलेला होता. ट्रिगर म्हणजे ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो, आणि लिमिट म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो, या दोहोंत ३० रुपयांचं अंतर ठेवलं होतं. आकडा आला, भाव ट्रिगर आणि लिमिट दोन्ही ओलांडून एका उडीत खाली गेला. ऑर्डर बाजारात गेली, पण माझ्या लिमिटला घेणारा कुणीच नव्हता. 'पेंडिंग' हा शब्द मी तेवढा वेळ कधी वाचला नसेल. मिनीत १० ग्रॅमचा भाव एक रुपया हलला की दहा रुपयांचा फरक पडतो. हातानं ऑर्डर बदलून बाहेर पडेपर्यंत ठरवलेल्या तोट्याच्या दुप्पट गेले. चूक माझीच, आकड्याच्या वेळी इतकं अरुंद अंतर ठेवायचं नसतं.

आता ५ जुलै. त्या दिवशी जूनच्या नोकऱ्या २,०६,००० आल्या. अंदाज १,९०,००० च्या आसपासचा होता, म्हणजे वरवर आकडा जोरदार. पण त्याच कागदावर खाली लिहिलं होतं की एप्रिलच्या १,६५,००० नोकऱ्या सुधारून १,०८,००० केल्या आहेत आणि मेच्या २,७२,००० च्या २,१८,०००. काका, ज्या २,७२,००० वर महिन्यापूर्वी सगळे तुटून पडले होते, त्यातले ५४,००० खोडले गेले. दोन महिने मिळून १,११,००० गेले. शिवाय बेरोजगारी ४ वरून ४.१ टक्के झाली होती. वरचे १६,००० जास्त त्यापुढे किस झाड की पत्ती? रोख्यांचा परतावा उतरला आणि सोनं एक टक्क्याहून जास्त चढलं. नियम तोच लागला, फक्त वाचायची ओळ वेगळी होती.

खरं तर हा आकडा पहिल्यांदा येतो तो कच्चाच असतो. सुमारे १.२ लाख आस्थापनांकडून माहिती घेऊन तो काढतात, काहींची माहिती उशिरा येते, म्हणून पुढचे दोन महिने तो सुधारत राहतो. मासिक बदलात सव्वा लाखाच्या आसपास इकडेतिकडे होऊ शकतं, हे खातं स्वतःच सांगतं. म्हणजे जूनचा ८७,००० चा धक्का त्या चुकीच्या पट्ट्यातच बसत होता. तरीही बाजार हलला, कारण सहा वाजता सगळ्यांच्या हातात तेवढा एकच कागद असतो.

म्हणून मी आता पहिली उडी बघून काही ठरवत नाही, दोन वर्षांच्या रोख्याचा परतावा बघतो. सोनं पडलं आणि परतावा चढून वरच राहिला, तर ती पडझड सहसा टिकते. सोनं पडलं पण परतावा दहा मिनिटांत होता तिथे परतला, तर बहुधा ती पोकळीतली उडी होती. नेहमीच जमतं असं नाही, पण निव्वळ सोन्याच्या रेघेकडे बघण्यापेक्षा बरं.

महागाईचं तुमच्या आजोबांचं गणित वर्षांचं होतं आणि त्या पल्ल्यावर त्याला वजन आहे. मिनिटांच्या पल्ल्यावर मात्र बाजार महागाईतून पुन्हा व्याजदरच वाचतो. ११ जुलै २०२४ ला जूनची महागाई आली. महिन्याभरात किमती ०.१ टक्क्यानं घटल्या होत्या आणि वर्षाचा दर अंदाजलेल्या ३.१ ऐवजी ३ टक्के निघाला. महागाई कमी आणि सोनं २,४०० डॉलरच्या वर!

तुमच्या बाजूनं एक मोठा मुद्दा मीच देतो. २०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचं सरकारी कामकाज ठप्प होतं, ३ तारखेचा नोकऱ्यांचा आकडा आलाच नाही. तरी ८ ऑक्टोबरला सोनं पहिल्यांदा ४,००० डॉलरच्या पुढे गेलं. वर्षाची चाल अशा आकड्यांवर ठरत नाही. मी जे सांगतो ते त्या संध्याकाळच्या काही मिनिटांपुरतं आहे.

राहिला तुमचा सकाळचा भाव. नोकऱ्यांचा आकडा बहुतेक शुक्रवारी येतो, आणि शनिवारी सकाळी तुम्ही पाटीवर जो भाव लिहिता तो शुक्रवारी रात्री एमसीएक्स जिथे बंद झालं त्याच्या आधारानं असतो. हलतं ते तुमचं दुकान बंद व्हायच्या सुमारास, दिसतं दुसऱ्या दिवशी. पुढच्या वेळी आकड्याला पाच मिनिटं असताना तुमच्या मुंबईच्या बुलियनवाल्याला फोन लावा आणि १०० ग्रॅमचा भाव बांधून मागा. बहुतेक तो म्हणेल, "शेठ, दहा मिनिटं थांबा." नाहीच थांबला आणि भाव दिला, तर एरवीपेक्षा किती वर दिला ते लिहून ठेवा आणि मला कळवा.