राउटर ३ नंबरच्या चॅनलवर टाकू नका

"राउटरचा चॅनल ३ किंवा ८ करा, तिथे बिल्डिंगमधलं कोणी नसतं. विड्थ २० ची ४० करा, स्पीड डबल. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जात नाही, त्या भानगडीत पडू नका. गेममधला लॅग गायब!"

हा मेसेज भाच्यापर्यंत पोचला, त्याने तसंच केलं आणि गेम पूर्वीपेक्षा जास्त अडकायला लागला. अडकणारच!

२.४ गिगाहर्ट्झवर शेजारशेजारच्या चॅनलमध्ये ५ मेगाहर्ट्झचंच अंतर असतं, आणि प्रत्येक राउटर २० मेगाहर्ट्झ जागा घेतो. म्हणजे ३ वर बसलात की १ ची अर्धी आणि ६ ची पाव जागा तुमच्या जागेत येते. ८ चं ६ आणि ११ शी तेच. खरा घोटाळा पुढे आहे. वाय-फायच्या ८०२.११ मानकानुसार आपल्याच चॅनलवरचा सिग्नल −८२ डीबीएम इतका क्षीण असला तरी राउटरने तो ओळखून थांबायचं असतं. पण दुसऱ्या चॅनलवरून सांडणारा, न उलगडणारा आवाज −६२ च्या वर गेला तरच थांबायचं बंधन आहे. वरच्या मजल्यावरचा राउटर १ वर −७० ने ऐकू येत असेल, तर तुम्ही १ वर असताना दोघं पाळीपाळीने बोलता. ३ वर गेलात की दोघं एकमेकांवर बोलता, पॅकेट खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात. गेममधला झटका तो हाच.

समजा, रत्नागिरीतल्या एखाद्या चार मजली बिल्डिंगमध्ये रात्री ९ वाजता स्कॅन केला. १ वर तीन राउटर, ६ वर पाच, ११ वर दोन, त्यातला एक लगतच्या फ्लॅटचा, −४५ चा. तरी ११ च घ्या. स्पष्ट ऐकू येणारा शेजारी पाळी नीट पाळतो. तो सतत व्हिडिओ बघत असेल आणि त्रास झालाच, तर १. स्कॅन दुपारी करू नका, आणि गणपतीत चाकरमानी आले की पुन्हा करा, बंद फ्लॅटचे राउटर तेव्हा सुरू होतात.

४० विड्थ? २.४ चा निम्मा पट्टा एकट्याने अडवायचा, म्हणजे भांडणं दुप्पट. गेमला लागतो एक एमबीपीएसहूनही कमी वेग. `Channel Width` २० च ठेवा.

५ गिगाहर्ट्झ भिंतीत अडतं हे खरं, चिऱ्याच्या भिंतीत तर फारच. पण शेजाऱ्याचंही तिथेच अडतं, हाच तर फायदा! राउटर आणि कन्सोल एकाच खोलीत ठेवा, चॅनल ३६ किंवा १४९, विड्थ ४०. ८० केलीत तर ३६ ते ४८ एकट्याने व्यापाल, ४० मध्ये तिथे दोन घरं मावतात. ५२ ते १४४ टाळा, रडारची चाहूल लागली की राउटर मधेच चॅनल सोडतो. पहिल्या पीएस४ ला ५ गिगाहर्ट्झ नाहीच, त्याला लॅन केबल जोडा.

आधी दोष वाय-फायचाच आहे ना, ते पाहा. विंडोजचा लॅपटॉप कन्सोलशेजारी, त्याच बँडवर ठेवा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड द्या, पत्ता तुमच्या राउटरचा घाला:

```
ping -t 192.168.1.1
```

`time` चा आकडा २-५ मिलिसेकंदांवरून मधूनमधून १०० च्या वर उडाला, तर चॅनल बदला. तो स्थिर असूनही गेम अडकत असेल, तर फायबरवाल्याला फोन करा.