मुदतवाढीची दोन वर्षं आणि पेन्शन

राज्य सरकारी नोकरीतल्या चुलतभावाचा धुळ्याहून प्रश्न आला : "दोन वरीस मुदतवाढ भेटनी ते पेन्शन कितली वाढी?"

दादा, तुझं बेसिक 60,000 आणि सेवा 33 वर्षं. 58 ला घरी बसलास तर पेन्शन 30,000, वर महागाई भत्ता. मुदतवाढीत जुलैच्या दोन वेतनवाढी मिळाल्या, तर बेसिक 63,700 च्या आसपास जाईल आणि पेन्शन 31,850 होईल. म्हणजे भर महिन्याला 1,850 ची, तीही फक्त शेवटचा पगार वाढला म्हणून. वाढलेल्या सेवेला स्वतःची किंमत शून्य आहे. राज्यात 20 वर्षांतच पूर्ण पेन्शन बसते, आणि ग्रॅच्युइटीची वर्षं 33 वर थांबतात.

वहिनी म्हणाल्या, "पगार पूर्ण मिळतोय ना, मग तोटा कसला?" पगार मिळतो हे खरं. पण त्या दोन वर्षांत हक्काची 30,000 पेन्शन सुरूच होत नाही. महागाई भत्ता बाजूला ठेवला तर 60,000 च्या पगारात तुझी खरी जादा कमाई 30,000 आहे, आणि तेवढ्यासाठी रोज ऑफिस गाठायचं आहे.

लेखा विभागातून निवृत्त झालेले आपले भाऊसाहेब वेगळंच विचारतात : आदेशात 'मुदतवाढ' लिहिलंय की 'करार पद्धतीने नियुक्ती'? करार असेल तर पेन्शन 58 लाच चालू होते आणि मानधन वेगळं मिळतं, पण ती वर्षं पेन्शनच्या हिशेबात धरत नाहीत. मुदतवाढ असेल, तर वेतनवाढ चालू राहणार का, हे त्याच कागदावर वाचून घे. ते नसेल तर माझे वरचे 1,850 सुद्धा गेले.

इथे इंग्लंडमध्ये सरकारकडून नागरिकांना मिळणाऱ्या पेन्शनचं वय 2026 ते 2028 दरम्यान 66 वरून 67 वर जातं. नोकरी चालू ठेवूनही ती घेता येते. पुढे ढकलली तर दर नऊ आठवड्यांना 1 टक्का, वर्षाला जवळपास 5.8 टक्के वाढ मिळते. ही पेन्शन पगाराच्या निम्म्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे सगळंच इथून उचला असं मी म्हणणार नाही. पण थांबण्याला मोबदला असतो, ही गोष्ट मला न्यायाची वाटते. आपल्याकडे सरकार दोन वर्षं पेन्शन देत नाही आणि त्याबद्दल काही देतही नाही. निदान मुदतवाढीच्या आदेशासोबत दोन्ही वयांचा पेन्शन हिशेब जोडलाच पाहिजे.

नंदुरबारच्या भाच्याने मध्येच स्वतःचं काढलं, "मामा, माझं काय?" तो 2009 ला नोकरीला लागलेला, नवीन पेन्शन योजनेतला. 2024 च्या सुधारित योजनेचा पर्याय त्याने घेतला नसेल, तर त्याला निम्म्या बेसिकचा हिशेब लागू नाही. त्याचे 10 आणि सरकारचे 14 टक्के आणखी दोन वर्षं खात्यात पडतील, त्यामुळे निवृत्तीचं वय 60 करण्याची मागणी त्याच्या खऱ्या उपयोगाची. मात्र बाजार तेव्हा कुठे असेल, हे कोण सांगणार? तुमच्या कर्मचाऱ्यांच्या सभेत मात्र तुम्हा दोघांच्या तोंडी एकच घोषणा देतात, आणि तुझ्यासारख्याला आपल्या हाती काय पडणार हे कोणी सांगत नाही.