गावात गेल्यावर बॅटरी उतरते, ती फोन बिघडल्यामुळे नव्हे

“वाळपईपासून आत गावी गेलं की फोन नुसता पडून असला तरी रात्रीत बॅटरी अर्धी होते. बॅटरी गेलीय, बदलून घ्या, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. खरं का?”

नाही, बदलायची घाई करू नका. रेंज चांगली असली की फोन टॉवरचा निरोप ऐकायला क्षणभर जागा होतो आणि पुन्हा झोपतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात डोंगराआड सिग्नल तुटला की ही झोपच मोडते. फोनमधला रेडिओ फोर-जी, टू-जी अशा नेटवर्कचे एकेक बँड चाळत बसतो. एखादा टॉवर पुसट लागलाच, तर त्याच्यापर्यंत पोचायला जास्त ताकदीने बोलतो. तो पुन्हा सुटला की शोध पहिल्यापासून. स्क्रीन काळी, पण आत काम चालूच!

माझ्या आजोळी हे पडताळून पाहिलं. रात्री दहाला 80 टक्के होते, सकाळी सहाला 43. दुसऱ्या रात्री त्याच खाटेवर, विमान मोड लावून 80 वरून 77. बॅटरी तीच होती. विमान मोडमध्येही तेवढीच उतरली असती, तर मात्र एखादं अ‍ॅप किंवा बॅटरीच तपासावी लागली असती.

विमान मोडमध्ये फोन येत नाहीत, म्हणून घरात कोणी आजारी असेल तर तो लावू नका. त्याऐवजी रेंज नसलेलं दुसरं सिम बंद करा आणि फोन खिडकीत, सिग्नल टिकतो तिथे ठेवा.