रेटिंग आधी, टक्के नंतर: एका प्रतिक्रियेला उत्तर

वार्षिक पगारवाढ वाटताना आधी रेटिंग ठरवावी, टक्के नंतर काढावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "बजेट ८ टक्क्यांवर गोठवलेलं असेल तर रेटिंग हा निव्वळ देखावा आहे. माझ्या टीममधल्या पाचही जणांनी वर्षभर उत्तम काम केलं, तरी एचआरचा निरोप येणारच, 'दोघांना खाली आणा, बजेट जातंय.' तुमची पद्धत म्हणजे बेल कर्व्हच, कोणती रेटिंग किती जणांना द्यायची हे आधीच ठरवणं, फक्त गोड शब्दांत."

'दोघांना खाली आणा' हा निरोप मीही ऐकला आहे आणि त्याबद्दलचा तुमचा राग मला पूर्ण पटतो. पण तो निरोप बजेट ठरलेलं असल्यामुळे येत नाही. रेटिंग व्हायच्या आधीच प्रत्येक बँडचे टक्के जाहीर केलेले असतात, म्हणून येतो.

समजा कंपनीने वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं: 'अत्युत्तम'ला १५ टक्के, 'अपेक्षेपेक्षा वर'ला ११, 'अपेक्षेप्रमाणे'ला ८ आणि 'सुधारणा हवी'ला काही नाही. आता रेटिंग झाली आणि पगारबिलातला वाटा अनुक्रमे १०, २५, ५५ आणि १० टक्के असा पडला. हिशेब केला की एकूण वाढ ८.६५ टक्के होते. टक्के जाहीर झालेत, बजेट वाढणार नाही. मग हलवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माणसांची रेटिंग. तुमच्या टीममधल्या त्या दोघांचा बळी इथे जातो.

माझं म्हणणं एवढंच आहे की टक्के बांधू नका, बँडमधलं प्रमाण बांधा. 'अपेक्षेप्रमाणे'चा गुणक १ धरा, 'अपेक्षेपेक्षा वर'चा १.५, 'अत्युत्तम'चा २ आणि 'सुधारणा हवी'चा शून्य. एवढंच आधी सांगायचं. 'अपेक्षेप्रमाणे'वाल्याला नेमके किती टक्के, हे सगळी रेटिंग कुलूपबंद झाल्यावर हिशेबातून निघतं. प्रत्येक बँडचा गुणक त्या बँडच्या पगाराच्या वाट्याने गुणायचा आणि बेरीज घ्यायची. वरच्या उदाहरणात ०.२, ०.३७५ आणि ०.५५ मिळून १.१२५ होतात. ८ ला १.१२५ ने भागलं की ७.११ येतात. म्हणजे 'अपेक्षेप्रमाणे'ला ७.११, त्यावरच्या बँडला १०.६७ आणि 'अत्युत्तम'ला १४.२२ टक्के. बेरीज बरोबर ८, आणि कुणाच्याही रेटिंगला हात लावलेला नाही.

शीटमध्ये बी रकान्यात गुणक आणि सी रकान्यात बँडचा एकूण पगार असेल, तर पायाचा टक्का, म्हणजे 'अपेक्षेप्रमाणे'चा टक्का, असा काढता येतो:

```
=0.08*SUM(C2:C5)/SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)
```

इथे एक चूक मी वारंवार होताना पाहतो. सी रकान्यात पगाराऐवजी माणसांची संख्या टाकली जाते. वरच्या पदांवर पगारही मोठे आणि अनेक ठिकाणी रेटिंगही वरची, त्यामुळे हे दोन वाटे सहसा जुळत नाहीत. समजा याच कंपनीत डोकी मोजली तर वाटा ६, २०, ६२ आणि १२ टक्के आहे. त्यावरून पायाचा टक्का ७.६९ निघतो. तोच प्रत्यक्ष पगारांना लावला की एकूण वाढ पुन्हा ८.६५ वर जाते, आणि तोच निरोप पुन्हा फिरू लागतो. त्या घडीला दोष मॅनेजरच्या उदारपणावर ढकलला जातो, खरं तर रकाना चुकलेला असतो.

आता तुमच्या मुद्द्याचा खरा गाभा, आणि तो बिनतोड आहे. पाचही जण खरोखर उत्तम असतील तर? याचं उत्तर पैसे कुठल्या पातळीवर वाटले जातात त्यावर अवलंबून आहे. तुमच्या टीमला स्वतःची ८ टक्क्यांची थैली दिली आणि पाचही जण 'अपेक्षेपेक्षा वर' ठरले, तर पाचही जणांना ८ टक्केच मिळतील. शेजारची टीम सरसकट 'अपेक्षेप्रमाणे' असेल तर तिलाही ८ टक्केच. अशा ठिकाणी रेटिंग देखावाच आहे, तुमचा शब्द चपखल बसतो. पाच माणसांच्या टीमला वेगळी थैली देणं मला साफ चुकीचं वाटतं. तेच पैसे संपूर्ण कंपनीच्या पातळीवर एकत्र ठेवले, तर वरच्याच हिशेबाने तुमच्या पाचही जणांना १०.६७ टक्के मिळतात आणि तुमच्या टीमची वाढ आठच्या वर जाते. ती जाऊ द्यायलाच हवी.

पण मोठ्या थैलीचीही एक किंमत आहे. दोन विभाग घ्या, पगारबिल सारखंच. एकाची रेटिंग वरच्यासारखी, गुणकांची बेरीज १.१२५. दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाने हात सैल सोडला: २० टक्के पगार 'अत्युत्तम'मध्ये, ४० त्याखालच्या बँडमध्ये, ३७ 'अपेक्षेप्रमाणे' आणि ३ शेवटच्या. तिथली बेरीज १.३७. दोन्ही विभागांचा मिळून पायाचा टक्का ६.४१ वर येतो. पहिल्या विभागाला एकूण ७.२१ टक्के मिळतात, दुसऱ्याला ८.७९. पहिल्या विभागात प्रामाणिकपणे 'अपेक्षेप्रमाणे' ठरलेल्या माणसाचे ७.११ चे ६.४१ झाले, आणि त्याच्या कामात काहीही बदललेलं नाही. एका प्रमुखाच्या औदार्याचं बिल दुसऱ्याच्या माणसांनी भरलं.

म्हणून कॅलिब्रेशनची बैठक लागते, पण ती टक्के काढायच्या आधी. दोन्ही प्रमुखांनी एकमेकांसमोर बसून कामाचे दाखले मांडायचे: हा 'अत्युत्तम' का, त्याच दर्जाचं काम करणारा तुमचा माणूस एक बँड खाली का. दुसऱ्या विभागाने खरंच तेवढं काम केलं असेल तर त्याला ८.७९ मिळू दे. त्या बैठकीत वक्र रेषेची जबरदस्ती नको, ठराविक कोटाही नको. मला बेल कर्व्ह मान्य नाही तो याचसाठी: तो माणसांची तुलना कामाच्या अपेक्षेशी न करता रांगेतल्या जागेशी करतो.

बेल कर्व्ह मागच्या दाराने शिरला आहे का, हे ओळखायला एक खूण पुरते. रेटिंग बदलल्याची तारीख पाहा. बदल एकूण वाढीचा आकडा निघण्याआधी झाले असतील आणि शेजारी कामाचं कारण लिहिलेलं असेल, तर ते कॅलिब्रेशन. आकडा निघाल्यानंतर, तेही दोन बँडच्या सीमेवरचीच नावं खाली सरकली असतील, तर रेटिंग बजेटसाठी वाकवलं गेलं. तुमच्या त्या दोघांच्या बाबतीत ही तारीख एचआरकडे मागा. बदलामागचं कामाचं कारण लेखी मागण्याचा मॅनेजर म्हणून तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एक गोष्ट या पद्धतीने सुटत नाही. रेटिंग सगळीकडेच सैल झाली आणि संपूर्ण कंपनीची बेरीज १.३७ वर गेली, तर पायाचा टक्का ५.८४ होतो आणि 'अपेक्षेपेक्षा वर'वाल्याला १०.६७ ऐवजी ८.७६ मिळतात. रेटिंग कुणाचीच कमी झाली नाही, पण प्रत्येक रेटिंगची किंमत उतरली. ही उतरण कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवी: गुणक तोच आहे, पायाचा टक्का यंदा इतका निघाला आणि का निघाला. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी पत्रात फक्त अंतिम टक्का असतो, आणि 'गेल्या वर्षी याच रेटिंगला जास्त मिळाले होते' या प्रश्नाला मॅनेजरकडे उत्तर नसतं.